विम्याची केस ‘अनुपालन’मध्ये आहे म्हणजे नेमकी कुठं अडकली आहे?

प्रश्न: माझे दाजी हृदयविकाराने वारले. बेळगावात उद्यमबागेत त्यांचं भागीदारीत वर्कशॉप होतं. २०२१ साली कोल्हापूरच्या शाखेतून त्यांनी ३६ लाखांची पॉलिसी घेतली होती, वर्षाला ३ लाख ६० हजार हप्ता. पाच हप्ते भरले, एकही थकला नव्हता. बोनस धरून ३९ लाखांच्या आसपास येतील म्हणतात. नॉमिनी ताई आहे, ती खानापुरात असते. तिचं माहेर चंदगड तालुक्यात. कागद देऊन अडीच महिने झाले आणि आता शाखेतून सांगतात की केस मनी लॉन्ड्रिंगच्या तपासणीसाठी अनुपालन विभागाकडे गेली आहे. ताईचं पॅन नाही, आधार माहेरच्या नावाचं आहे, खातं इथल्या सौहार्द सोसायटीत आहे. एजंट म्हणतो, पैसे ताईऐवजी मी माझ्या खात्यावर घ्यावेत म्हणजे लवकर सुटतील, नाहीतर पॅन नसल्यामुळं २० टक्के कापून जातील. खरं काय?

उत्तर:

एजंटानं सांगितलेल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. त्यातली पहिली ऐकलीत तर आहे ती केस आणखी अवघड होईल, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगतो.

तुमच्या खात्यावर पैसे घेण्याचा अर्ज अजून दिला नसेल तर देऊ नका, दिला असेल तर ताईंच्या सहीनं मागे घ्या. विमा कंपन्यांसाठी मनी लॉन्ड्रिंगविरोधी जे नियम आहेत (विमा नियामकानं ते २०२२ मध्ये एकत्र करून नव्यानं काढले), त्यांत त्रयस्थाला पैसे देण्यावर बंदी आहे. मृत्यूदाव्यात पैसे नॉमिनीला, कायदेशीर वारसाला किंवा ज्याच्या नावे पॉलिसी लिहून दिली आहे त्याला जातात. नॉमिनीचा सख्खा भाऊ कंपनीच्या लेखी त्रयस्थच. शिवाय अशी विनंती आली की तपासणाऱ्याला नवा प्रश्न पडतो: पैसे खरोखर कोणाला मिळणार आहेत, आणि विधवा नॉमिनीवर कोणी दबाव तर आणत नाही ना? तुमच्या घरात तसं काही नसेल, पण फाइल वाचणारा मुंबईत किंवा बेंगळुरात बसलेला असतो. त्याला तुम्ही कोण हे माहीत नाही आणि माहीत करून घ्यायला वेळही नाही. ताईंच्या खात्यावर पैसे आल्यावर त्यांनी ते कुठं ठेवायचे, कोणाला द्यायचे, हा त्यांचा प्रश्न. पहिला थांबा मात्र त्यांचंच खातं असलं पाहिजे.

आता ‘अनुपालन विभागाकडे’ म्हणजे काय ते बघू. शाखेतल्या माणसाला संगणकावर एवढंच दिसतं. त्यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा असतो. एक, पैसे घेणारी व्यक्ती आणि पॉलिसीतली नॉमिनी एकच आहे का, याची ओळखपडताळणी झालेली नसते. दोन, नावाची बंदी घातलेल्या व्यक्तींच्या यादीशी पडताळणी करताना कोणाशी तरी नाव जुळलेलं असतं. तीन, हप्ते कुठल्या पैशातून भरले याचा उलगडा झालेला नसतो. २००२ च्या मनी लॉन्ड्रिंग प्रतिबंधक कायद्यानं आणि त्याखालच्या २००५ च्या नियमांनी विमा कंपनीवर ही तिन्ही कामं टाकली आहेत. तुमच्या मजकुरावरून मला पहिलं कारण स्पष्ट दिसतंय. तिसऱ्याचा संशय आहे, तो का हे पुढे सांगतो. दुसरं असलं तर ते बहुधा आपोआप सुटेल.

पहिल्यात सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून ते नीट समजून घ्या. पॉलिसीत नॉमिनीचं नाव सासरचं: ताईंचं नाव, दाजींचं नाव, सासरचं आडनाव. आधारवर माहेरचं: नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. तपासणीचं सॉफ्टवेअर इंग्रजी अक्षरं जुळवतं. त्याच्या दृष्टीनं या दोन वेगळ्या बायका आहेत. आपल्या भागात यात आणखी भर पडते. चंदगडला काढलेल्या आधारवर मराठी आणि इंग्रजी, खानापूरच्या रेशनकार्डावर कन्नड, मृत्यूच्या दाखल्यावर कन्नड आणि इंग्रजी. प्रत्येक ठिकाणी ऑपरेटरनं आपापल्या कानाप्रमाणे इंग्रजी केलेलं असतं. लक्ष्मीमध्ये कुठं एक्स, कुठं के-एस-एच. यल्लाप्पाच्या सुरुवातीला कुठं वायनंतर ए, कुठं ई. अशा एखाद्या अक्षराच्या फरकावर केस थांबत नाही, माणूस बघतो आणि पुढे सोडतो. आडनाव आणि मधलं नाव दोन्ही बदललं की मात्र तो स्वतःच्या जबाबदारीवर सोडत नाही. बेळगाव की बेळगावी, हाही प्रश्न लोक घाबरून विचारतात. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी आहे, जुन्या कागदांवर जुनं आहे, हे कंपन्यांना माहीत असतं. पिन कोड बरोबर असला की पुरे.

लग्नानंतर नाव बदललेल्या बाईसाठी नियमांत थेट तरतूद आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. २००५ च्या त्या नियमांनुसार, ओळखपत्र काढल्यानंतर नाव बदललं असेल तरी ते ओळखपत्र वैध धरायचं, अट एवढीच की सोबत राज्य सरकारचा विवाह नोंदणीचा दाखला हवा, नाहीतर नावबदलाची राजपत्रातली प्रसिद्धी हवी. म्हणजे ताईंचं माहेरच्या नावाचं आधार आजही चालू शकतं. त्याला लग्नाचा दाखला जोडलेला नव्हता, एवढंच. शाखेत लोक काय करतात, तर वकिलाकडून ‘दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ असं प्रतिज्ञापत्र करून देतात आणि समजतात की काम झालं. प्रतिज्ञापत्र हा आधाराचा कागद आहे, पण नियमातल्या दाखल्याची जागा तो घेत नाही. म्हणून काही कंपन्या तो घेतात, काही परत पाठवतात, आणि महिना जातो.

लग्न चंदगड तालुक्यात झालं आणि तिथं नोंदलं असेल, तर महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली ग्रामपंचायतीतून दाखला मिळतो. त्याची नवी प्रत काढा. मराठीत असला तरी अडचण नाही. एक गोष्ट मात्र डोळ्यांनी तपासा: बऱ्याच दाखल्यांवर वधूचं माहेरचं नाव आणि वराचं नाव एवढंच असतं, लग्नानंतरचं नाव लिहिलेलंच नसतं. तसा दाखला असला तर कडक अधिकारी म्हणू शकतो की यात नाव बदललं असं कुठं लिहिलंय? म्हणून त्याच्यासोबत दोन कागद द्या. सासरच्या नावाचं मतदार ओळखपत्र असेल तर ते, आणि प्रतिज्ञापत्र, ज्यात दोन्ही नावं कागदांवर जशी आहेत तशीच अक्षराला अक्षर लिहिलेली असतील. प्रतिज्ञापत्र बेळगावात करत असाल तर कर्नाटकचा ई-स्टॅम्प घ्या. पॉलिसी कोल्हापूरची आहे म्हणून महाराष्ट्राचा मुद्रांक आणायची गरज नाही. ज्या राज्यात सही होते तिथला मुद्रांक लागतो.

लग्न नोंदलेलंच नसेल तर आता दाजी नसल्यामुळं ती वाट अवघड आहे. मग राजपत्रातला नावबदल उरतो. तो बेंगळुरूतून होतो, वेळ लागतो, पण नंतर बँक, पॅन, जमिनीचा उतारा सगळीकडे उपयोगी पडतो.

हे कागद कंपनीत दिले म्हणजे ओळखीचा प्रश्न सुटतो. पण आधारवरचं नाव तसंच ठेवून चालणार नाही, कारण खात्याचा प्रश्न त्याच्याशी बांधलेला आहे. इथं कामांचा क्रम चुकला की सगळं दोनदा करावं लागतं, म्हणून क्रम सांगतो.

सगळ्यात आधी आधारला कोणता मोबाइल नंबर जोडला आहे ते बघा. आपल्याकडे बायकांच्या आधारला बहुतेक वेळा नवऱ्याचा नंबर असतो. दाजींचं सिम अजून चालू असेल तर बंद पडू देऊ नका, रिचार्ज करत राहा. ताईंचा स्वतःचा नंबर आधार केंद्रावर जाऊन, बोटांचे ठसे देऊन जोडता येतो, त्याला दुसरा कागद लागत नाही. त्याच फेरीत नाव बदलायचा अर्ज द्या, सोबत विवाह दाखला. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून ऑपरेटरनं टाइप केलेली इंग्रजी ओळ पॉलिसीवरच्या नॉमिनीच्या नावाशी अक्षर लावून बघा आणि मगच मान्य करा. मराठीची किंवा कन्नडची ओळ थोडी इकडंतिकडं झाली तरी चालेल, इंग्रजीची नाही.

आधारवर नवं नाव आलं की मग पॅन. आयकर विभागाच्या संकेतस्थळावर आधारच्या ओटीपीवर ई-पॅन मोफत निघतं, पण ते नाव आधारवरून जसंच्या तसं उचलतं. आज घाईनं काढलंत तर पॅन माहेरच्या नावाचं येईल आणि दुरुस्तीचा आणखी एक अर्ज मागे लागेल. तोपर्यंत कंपनीनं पॅन मागितलं तर ‘फॉर्म ६०’ भरून द्या. पॅन नसलेल्यानं करायचं ते घोषणापत्र आहे. फक्त पॅन नाही म्हणून ओळखपडताळणी थांबवता येत नाही. मात्र पूर्वी कधी काढलेलं पॅन असेल आणि हरवलं असेल, तर नाही असं लिहून देऊ नका. एका माणसाला एकच पॅन ठेवता येतं. जुनं शोधा. ते आधारशी न जोडल्यामुळं निष्क्रिय झालेलं असेल, तर १,००० रुपये शुल्क भरून जोडता येतं.

आता खातं. सौहार्द सोसायटीचं किंवा पतसंस्थेचं खातं इथं चालणार नाही, हे आधी मनाशी धरा. या संस्थांबद्दल मला आकस नाही. खानापूर-निपाणी भागात बायकांची अर्धी बचत पिग्मीतून तिथंच जाते. पण त्या बँका नव्हेत. बहुतेकांना स्वतःचा आयएफएससी कोड नसतो, त्या एखाद्या बँकेतल्या आपल्या खात्यातून व्यवहार करतात. म्हणजे कंपनीनं पाठवलेले पैसे प्रत्यक्षात संस्थेच्या नावावर जातील. कंपनी ते करणार नाही आणि करू नये.

बँकेत खातं असेल तर ते कोणत्या प्रकारचं आहे ते पासबुक घेऊन जाऊन विचारा. जनधनच्या काळात पूर्ण कागदपत्रांशिवाय जी ‘लहान खाती’ उघडली गेली, त्यांना मर्यादा असतात: वर्षभरात एकूण जमा १ लाखापर्यंत, शिल्लक ५० हजारांपर्यंत. मोबाइलवर नुसत्या आधारच्या ओटीपीनं उघडलेल्या खात्यात वर्षाला २ लाखांच्या वर जमा होत नाही. अशा खात्यावर ३९ लाख पाठवले तर परत जातात. कंपनीच्या नोंदीत ‘पैसे परत आले’ असा शेरा लागतो, तो शेरा बघून पुन्हा तपासणी होते, आणि घरात कोणालाच कळत नाही की नेमकं काय झालं. उपाय सोपा आहे: शाखेत प्रत्यक्ष जाऊन पूर्ण केवायसी करून घ्यायचं आणि खातं साधं बचत खातं झालं हे पासबुकावर बघायचं. खातं एकट्या ताईंच्या नावाचं असलेलं बरं. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं असेल तर आधी ते चालू करून घ्या.

खात्याची खातरजमा करायला कंपनी बहुतेक वेळा आधी एक रुपया पाठवते. त्यावेळी बँकेकडून खातेदाराचं नाव परत येतं आणि ते दाव्यातल्या नावाशी ताडलं जातं. एक रुपया जमा होऊन आठवडा गेला आणि पुढे काहीच हललं नाही, तर नाव जुळलं नाही असं समजा आणि शाखेत तेवढाच प्रश्न विचारा. मोघम चौकशीपेक्षा या प्रश्नाला लवकर उत्तर मिळतं.

आता तिसऱ्या कारणाकडे येतो. वर्षाला ३ लाख ६० हजार हप्ता म्हणजे पाच वर्षांत १८ लाख. पॉलिसी घेताना अर्जावर दाजींचं उत्पन्न किती लिहिलं होतं, आणि हप्ते कोणत्या खात्यातून गेले, या दोन गोष्टी शोधा. भागीदारीतल्या माणसांचं एक नेहमीचं आहे: हप्त्याची तारीख आली की फर्मच्या खात्यावरून चेक जातो. घरात कोणाला त्यात वावगं वाटत नाही, कारण पैसे त्यांचेच. पण कंपनीला दिसतं की पॉलिसी एका माणसाची, हप्ता दुसऱ्याच नावाच्या खात्यातून. आणि त्या खात्याचा दुसराही मालक आहे, तो भागीदार. मोठा हप्ता त्रयस्थाच्या खात्यातून, किंवा सांगितलेल्या उत्पन्नाशी न जुळणारा हप्ता, या दोन्ही खुणांवर लक्ष ठेवायचं असं कंपन्यांना सांगितलेलंच आहे. खरं तर हे हप्ता घेतानाच विचारायला हवं होतं. तेव्हा कोणी विचारत नाही. दावा आला की जुनं खातं उघडलं जातं, आणि ज्याला उत्तर ठाऊक होतं तो माणूस नसतो.

तरी याचं उत्तर कागदावर मिळतं. फर्मच्या वहीत त्या तारखेला ती रक्कम कशी लिहिली आहे ते सीएकडून काढून घ्या. दाजींच्या भांडवल खात्यावर ‘उचल’ म्हणून नावे टाकली असेल तर प्रश्न मिटला: पैसे फर्मच्या खात्यातून गेले, पण त्यांच्या वाट्याचे गेले. कंपनीला भागीदारी करारनाम्याची प्रत, त्या त्या तारखांचा बँक उतारा, भांडवल खात्याचा उतारा आणि सीएचं सहीशिक्क्याचं पत्र द्या. पत्रात कोणत्या तारखेला किती रक्कम कोणत्या खात्यातून गेली आणि ती दाजींच्या उचलीत धरली आहे, एवढंच हवं. सोबत दाजींची त्या वर्षांची आयकर विवरणपत्रं. दोन पानांत काम होतं. लांब खुलासा लिहू नका, कारण लांब खुलाशात नवी वाक्यं असतात आणि नव्या वाक्यांवर नवे प्रश्न येतात.

उचलीत न दाखवता रक्कम फर्मच्या खर्चात टाकलेली निघाली तर प्रकरण वेगळं. मग ती पॉलिसी माणसासाठी होती की धंद्यासाठी, असा प्रश्न उभा राहतो आणि त्यातून कराचाही प्रश्न निघतो. तसं दिसलं तर कंपनीला काही लिहून देण्याआधी सीएला बसवून सगळी वर्षं नीट बघून घ्या. भागीदाराशीही आधी बोला. विम्याच्या पैशावर फर्मचा हक्क आहे असं त्यानं पत्र पाठवलं तर तो वाद अनुपालन विभागात सुटणार नाही.

दुसऱ्या कारणाबद्दल थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या आणि भारत सरकारच्या बंदी याद्यांशी प्रत्येक पैसे घेणाऱ्याचं नाव ताडून बघणं कंपनीला सक्तीचं आहे. सर्वसाधारण नावं असली की नुसतं नाव जुळतं. मग जन्मतारीख, वडिलांचं नाव, पत्ता बघून ते मोकळं करतात. तुमच्या हातात एवढंच की ताईंची जन्मतारीख सगळ्या कागदांवर एकच असू द्या. आधारवर नुसतं जन्मवर्ष असेल तर शाळा सोडल्याचा दाखला जोडा. मराठी शाळेचा दाखलाही चालतो. ती खरोखर यादीतलीच व्यक्ती निघाली तर रक्कम गोठवली जाते आणि सरकारला तातडीनं कळवलं जातं. पण तसं असतं तर तुम्हाला शाखेतून अशा मोकळ्या आवाजात उत्तरं मिळाली नसती.

एक गोष्ट कोणी तुम्हाला सांगणार नाही, आणि त्यांना सांगता येतही नाही. कंपनीला व्यवहार संशयास्पद वाटला तर ती दिल्लीच्या वित्तीय गुप्तचर विभागाला अहवाल पाठवते. संशय पक्का झाल्यापासून सात कामाच्या दिवसांत तो पाठवायचा असतो, आणि पाठवला की नाही हे ग्राहकाला कळवायला कायद्यानं मनाई आहे. म्हणून ‘आमच्याविरुद्ध तक्रार गेली आहे का?’ असं शाखेत विचारून उपयोग नाही. माहीत असलं तरी शाखेतला माणूस बोलणार नाही, आणि बहुतेकदा त्याला माहीत नसतंच. पण असा अहवाल पाठवला म्हणजे पैसे आपोआप थांबले, असं होत नाही. पैसे थांबवायला आदेश लागतो, नाहीतर ओळख अपुरी असावी लागते. ‘तपासणी चालू आहे’ एवढ्या शब्दांवर कंपनी कायम बसून राहू शकत नाही.

कराचं एजंटानं सांगितलेलं अर्धवट आहे. २० टक्क्यांचा नियम आहे, पण तो इथला नव्हे. माणूस गेल्यावर येणाऱ्या विम्याच्या रकमेवर आयकर नाही, म्हणून त्यातून कपातही नाही, पॅन असो वा नसो. (धंद्यानं आपल्या महत्त्वाच्या माणसावर काढलेला विमा त्याला अपवाद. म्हणूनच वरती फर्मच्या खर्चाचं बोललो.) कपात होते ती जिवंतपणी मुदत संपून मिळणाऱ्या, करपात्र ठरणाऱ्या पॉलिसीवर. समजा कोणी एकूण ६ लाख भरले आणि ९ लाख मिळाले, आणि हप्ता विमा रकमेच्या मानानं मर्यादेबाहेर असल्यामुळं ती पॉलिसी करपात्र ठरली. तर कर कापतात तो वरच्या ३ लाखांवर, सध्या २ टक्के, म्हणजे ६ हजार. पॅन नसेल किंवा निष्क्रिय असेल तर २० टक्के, म्हणजे ६० हजार. एजंटाच्या डोक्यात हे आहे. ताईंच्या रकमेतून कोणी ‘टीडीएस’ म्हणून कापू लागलं तर लेखी हरकत घ्या. पैसे उशिरा दिल्याबद्दल कंपनीनं व्याज दिलं, तर ते व्याज मात्र ताईंचं करपात्र उत्पन्न, आणि तेवढ्यापुरतं पॅन उपयोगाला येईल.

व्याजाचं बोललोच आहे तर मुदतीचं सांगतो. विमा नियामकाच्या २०२४ च्या आदेशानुसार चौकशीची गरज नसलेला मृत्यूदावा १५ दिवसांत आणि चौकशी लागणारा ४५ दिवसांत निकाली काढायचा असतो. त्यापुढच्या उशिरावर रिझर्व्ह बँक ठरवते त्या बँक रेटच्या वर २ टक्के दरानं व्याज द्यावं लागतं. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर साडेसात टक्क्यांनी ३९ लाखांवर महिन्याला २४ हजारांहून थोडं जास्त होतं. रक्कम लहान नाही, म्हणूनच कंपनीचा युक्तिवाद ठरलेला असतो: मुदत शेवटचा आवश्यक कागद मिळाल्यापासून मोजायची, आणि तुमचा शेवटचा कागद अजून आलेलाच नाही.

हा युक्तिवाद मोडायचा तर कागद तोंडी देणं-घेणं आजपासून बंद करा. ताईंच्या सहीनं एक पत्र द्या, शाखेत पोच घ्या आणि तेच कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल करा. मजकूर साधा ठेवा. दावा क्रमांक, कागद दिल्याच्या तारखा, आणि एक विनंती: ओळख, खातं किंवा हप्त्याचा स्रोत यांपैकी कशाबद्दल कोणता कागद बाकी आहे, त्याची एकच पूर्ण यादी लेखी द्यावी. तुकड्यातुकड्यानं कागद मागू नयेत, असं नियामकाचंच सांगणं आहे. यादी आली की त्यातलं सगळं एकाच दिवशी, क्रमांक टाकून, पोच घेऊन द्या. त्या पोचेच्या तारखेपासून घड्याळ सुरू झालं असं तुम्हाला म्हणता येतं.

महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर विमा लोकपाल. तक्रारीची मर्यादा ५० लाखांपर्यंत आहे, तुमचा दावा त्यात बसतो, आणि तिथं फी नाही, वकीलही लागत नाही. सीमाभागातल्या माणसाला इथं एक सोय आहे जी बाकीच्यांना नाही: तक्रार पॉलिसी देणाऱ्या शाखेच्या हद्दीतल्या लोकपालाकडे करता येते, किंवा तक्रारदार राहतो तिथल्या. म्हणजे कोल्हापूरच्या शाखेमुळं पुणे, नाहीतर खानापूरच्या पत्त्यामुळं बेंगळुरू. कागद निम्मे मराठीत आहेत आणि ताईंना मराठीतच बोलायचंय, तेव्हा मी पुणे निवडलं असतं. कंपनीच्या उत्तरापासून, किंवा उत्तराविना गेलेल्या महिन्यापासून, एका वर्षाच्या आत तक्रार करायला हवी.

पैसे जमा झाल्यावरही एक फोन येण्याची शक्यता आहे, या वेळी बँकेचा. ज्या खात्यात वर्षभर चार-पाच हजारांची ये-जा होती, तिथं एका दिवसात ३९ लाख आले की बँकेलाही तोच कायदा लागू असतो आणि तीही विचारते. त्यासाठी कंपनीचं दावा मंजुरीचं पत्र आणि मृत्यूचा दाखला यांची प्रत ताईंनी शाखेत आधीच देऊन ठेवावी, आणि पहिले काही दिवस त्यातून मोठी रक्कम रोखीनं काढू नये.